घरसंसार : मळेवाल्याची यादी वाचावी कशी

पेसाखच्या आधी आमच्या एका वाचक भगिनींनी दिमोनाहून आम्हांस चिठ्ठी धाडली. नातवाने फोनवर सेंद्रिय भाजी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची यादी दाखविली; जत्रेतल्या पाळण्याप्रमाणे एक शेतकरी समोर येतो, दुसरा येतो, तिसरा येतो. प्रत्येकाचा फोटो, भाज्यांची नावे, भाव, गाडी कोठे कोठे जाते ती गावे आणि मागणी नोंदविण्याची रीत, असे सगळे त्यात असते. “वाचून कळते सारे, पण घ्यावे कोणाकडून ते काही कळत नाही,” असे त्या लिहितात. त्यांच्याच गावी आम्ही राहतो आणि गेला संपूर्ण हिवाळा आम्ही हाच उद्योग केला, चुकाही पुष्कळ केल्या. तेव्हा या वेळच्या सदरात तोच अनुभव मांडावा असे ठरविले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. यादीत ‘ओर्गानी’ हा शब्द आणि ‘ब्ली रिसूस’, म्हणजे फवारणीविना, हे शब्द शेजारी शेजारी दिसतात आणि आपण दोन्हींचा अर्थ एकच समजतो. तो एक नव्हे. या देशात सेंद्रिय मालासंबंधीचा कायदा 2005 साली झाला. मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा दाखला ज्या मळ्याजवळ आहे, त्यालाच ‘ओर्गानी’ हा शब्द मालावर लावता येतो. दाखला मिळण्याआधी जमीन दोन-तीन वर्षे रासायनिक खत व औषध यांच्यावाचून ठेवावी लागते. ‘ब्ली रिसूस’ म्हणणाऱ्यावर असे काही बंधन नाही. तो प्रामाणिक असेलही, पण त्याच्या शब्दापलीकडे आपल्या हाती काही नसते. दाखल्यावर मळ्याचे नाव, पिके आणि मुदत लिहिलेली असते. फोनवर विचारले की सरळ माणूस त्याचे चित्र लगेच पाठवितो. आम्ही तिघांकडे मागितले. दोघांनी तासाभरात पाठविले आणि तिसऱ्याने आम्हांलाच विचारले की तुम्हांला विश्वास नाही का. त्याच्याकडून आम्ही काही घेतले नाही.

तसेच ‘ओर्गानी’ म्हणजे मुळीच काही मारलेले नाही, असाही समज करून घेऊ नये. भुरी रोगावर गंधक चालते आणि भोपळी मिरचीच्या देठाशी कधी कधी पिवळसर भुकटी दिसते ती त्याचीच असते. धुतले की जाते. मळ्यात किडीवर कीडच सोडतात. पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी पोसून विकण्याचा धंदाच या देशात उभा आहे. बेत शआन खोऱ्यातील स्दे एलियाहू हा धार्मिक किब्बुत्स यात अग्रेसर होता आणि तेथील मारिओ लेवी या इटलीहून आलेल्या गृहस्थांचे नाव इस्रायलमधील सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून घेतले जाते.

आता यादीकडे वळू. तिच्यात चार गोष्टी असतात : हंगाम, भाव, गावे आणि मागणीची रीत. बहुतेक लोक भाव आधी पाहतात. आमच्या मते गावे आधी पाहावीत, कारण तेथेच गाडी अडते. आमचेच पाहा. हन्नुकाच्या सुमारास आम्ही यादी उघडली तेव्हा पंधरा-सोळा शेतकरी होते आणि त्यांतील बहुतेकांच्या गावांत तेल अवीव, रमत गन, कफार साबा, जेरुसलेम अशीच नावे. दिमोना एकाच्याही यादीत नाही. बीर शेवा दोघांकडे होते, पण तेही घरपोच नव्हे. तेथे एका ठिकाणी पेट्या उतरवितात आणि ज्याने त्याने येऊन उचलावयाच्या. पहिल्या महिन्यात आम्ही तसे केले. पेटी 120 शेकेलची होती. बसने जावे, ती उचलावी आणि पस्तीस किलोमीटर परत यावे. पेटीत काय निघाले? टोमॅटो, काकडी आणि गाजर ठीक. पण त्यांच्याबरोबर दोन नवलकोल, एक बडीशेपेचा कंद आणि सेलरीचे जाडजूड मूळ. नवलकोलाची भाजी आमच्या घरात खपली, बाकीचे शेजारच्या रशियन बाईंना दिले. पेटी तोलून पाहिली तर भाजी 6.4 किलो, म्हणजे किलोस 18 शेकेल 75 अगोरोत आणि त्यातही काही न खाण्याजोगे. आयती पेटी शेतकऱ्याला सोयीची असते, कारण मळ्यात जे जास्त निघाले ते तो तिच्यात घालू शकतो. आपल्यासारख्या ठरावीक भाज्या ठरावीक रीतीने करणाऱ्या घराला ‘निवडून मागणी’ असे जेथे लिहिले असेल तोच शेतकरी पाहावा.

मग एके दिवशी यादीत मध्य अरावातील एक शेतकरी दिसला. भोपळी मिरची, टोमॅटो, वांगी आणि काकडी, सर्व निवडून घेता येण्याजोगे. गावे मात्र सारी तेल अवीवच्या बाजूची. आमच्या घरातील एकाने सहज म्हटले, “अहो, अरावातून तेल अवीवला जाणारी गाडी 25 नंबरच्या रस्त्याने आपल्याच गावावरून जाते की!” इतके साधे आम्हांला सुचले नव्हते. फोन केला. शेतकरी म्हणाला, गाडी बुधवारी संध्याकाळी जाते खरी, पण वसाहतीत शिरून जिने चढणे त्याला परवडत नाही. मात्र मागणी एकत्रित 400 शेकेलच्या वर असेल तर गावाच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपावर सात वाजता तो माल उतरवील आणि त्या थांब्याचे 35 शेकेल घेईल. तेव्हा यादीतील गावांचा रकाना म्हणजे शेतकऱ्याचा कायमचा नकार समजू नये. मळा कोठे आहे आणि गाडी कोठे जाते हे नकाशावर पाहावे. वाटेवरचे गाव असेल तर विचारावे. उलट मळा गालीलमध्ये आणि आपण नेगेवमध्ये असू तर विचारण्यात अर्थ नाही.

आमच्या शिक्कुनमधील पाच घरे जमली. आमच्या घरची पहिली मागणी येथे तपशिलाने देतो, कारण भाव कसा वाचावा हे तिच्यावरून कळेल. भोपळी मिरची 2 किलो, किलोस 16 शेकेल; टोमॅटो 2 किलो, किलोस 14; वांगी 1 किलो, 12 शेकेल; काकडी दीड किलो, किलोस 12. एकूण 90 शेकेल. हा आकडा अंदाजाचा असतो हे यादीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते. भाजी काढल्यावर तोलतात आणि वजन थोडे इकडे तिकडे होतेच. आम्हांला मिरची 2.15 किलो, टोमॅटो 1.9 किलो, वांगी 1.1 किलो आणि काकडी बरोबर दीड किलो आली व बिल 92 शेकेल 20 अगोरोत झाले. त्यात थांब्याचा पाचवा हिस्सा 7 शेकेल मिळविला की 99 शेकेल 20 अगोरोत. एकूण वजन 6.65 किलो. किलोस पंधरा शेकेलांहून किंचित कमीच पडले आणि सगळे खाण्याचे. म्हणून भावाच्या रकान्यातील आकडा एकटा पाहू नये. गाडीभाडे, किमान मागणी आणि वाया जाणारा भाग मिळवून किलोमागे काय पडते ते काढावे. बाजारातल्या साध्या भाजीपेक्षा हे महागच आहे, यात आम्ही कोणाची फसवणूक करीत नाही. चार मुलांच्या घरी सगळेच सेंद्रिय घेणे झेपणार नाही. आम्ही स्वतः मिरची व टोमॅटो यांसारखे सालीसकट खाल्ले जाणारे येथून घेतो. कांदे आणि बटाटे बाजारातूनच.

मागणीच्या रीतीत आमचा जो फजितवाडा झाला तो दुसऱ्या आठवड्यात. शेतकऱ्याची यादी शब्बाथ संपल्यावर रात्री उघडते आणि सोमवारी रात्री नऊला मिटते. मंगळवारी व बुधवारी सकाळी तो मागणीबरहुकूम तोडणी करतो. यात मेख अशी की मिटल्यावर कमी-जास्त काहीही होत नाही, कारण तोडलेली मिरची परत झाडाला लागत नाही. आमच्यापैकी एका घराने मंगळवारी दुपारी माघार घेतली, पाहुण्यांकडे जायचे निघाले म्हणून. एकूण रक्कम 370 वर आली, म्हणजे ठरलेल्या 400 च्या खाली. आम्ही शेतकऱ्याला कळविले, त्याने ‘बरे’ म्हटले आणि आम्ही समजलो की गाडी येईल. बुधवारी सातला पंपावर पाच पिशव्या घेऊन उभे राहिलो. आठ वाजले. थंडी मी म्हणत होती. साडेआठला फोन लागला तेव्हा गाडी बीर शेवाच्या पुढे गेलेली होती. चूक त्याची म्हणावी तर त्याने 400 चे आधीच सांगितले होते. सर्वांत जास्त वाईट वाटले ते तळमजल्यावरच्या आजींचे. त्यांना मधुमेह आहे, बाजार लांब आहे आणि शब्बाथची भाजी त्या याच पिशवीच्या भरवशावर सोडून बसल्या होत्या. गुरुवारी सकाळी आमच्यातील एक भाऊ त्यांच्यासाठी बाजारात जाऊन आले.

त्यानंतर आम्ही एक वही केली. सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत प्रत्येक घर मागणी लिहून पैसे आगाऊ देते. रक्कम 430 च्या खाली असेल तर त्याच वेळी कोणीतरी दोन किलो मिरची वाढवून घेतो. भाजून तेलात घातली की ती टिकते. 400 न लिहिता 430 लिहिले ते तोलाच्या कमी-जास्तीसाठी. आणि प्रत्येक मागणीखाली एक ओळ हिब्रूत लिहितो : नसेल तर बदली नको. ही ओळ नसेल तर वांगी न निघाल्यास शेतकरी तितक्याच किमतीचे दुसरे काही घालतो आणि नियमाने तो बरोबर असतो. एका घराला भरल्या वांग्यांऐवजी सव्वा किलो चेरी टोमॅटो आले तेव्हा आम्हांला हे समजले.

फोनवर मागणी सांगताना ज्येष्ठ मंडळींची आणखी एक अडचण होते, ती शब्दांची. कोथिंबीर म्हणजे ‘कुस्बरा’. ‘पेत्रोझिल्या’ म्हटले की पार्सली येते. दिसायला जुळी बहीण, पण आमटीत घातली की डोके धरावे. भेंडी म्हणजे ‘बाम्या’, चवळीच्या शेंगा म्हणजे ‘लुबिया’. सेंद्रिय पालेभाजीत मावा व बारीक किडे असतातच, हे लक्षात ठेवावे; कशेरच्या दृष्टीने ती चाळून धुणे भाग आहे. आम्ही मुळे कापून जुडी सुटी करतो, पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून काही मिनिटे बुडवितो आणि मग नळाखाली पाने पसरून दोन्ही बाजूंनी धुतो. शेवटी पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात एक-दोन काड्या झटकून पाहाव्यात. काळे ठिपके हलले तर पुन्हा पहिल्यापासून.

शेतातून थेट माल घेताना दुकानात न पडणारा एक प्रश्न पडतो. तरूमा व माआसेर काढलेले आहे काय? दुकानदाराकडे कशेरची पाटी असते. मळेवाल्याकडे ती असतेच असे नाही. यादीत लिहिलेले नसेल तर विचारावे. काढलेले नसेल तर प्रत्येक जातीच्या भाजीतून शंभरावा भाग व त्याहून किंचित अधिक बाजूला काढून, विधीचा मजकूर म्हणून, तो भाग गुंडाळून टाकावा. श्मिटाच्या चक्रातील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी माआसेर शेनी नाण्यावर सोडवावा लागतो, तिसऱ्या व सहाव्या वर्षी माआसेर आनी असतो. शंका असेल त्याने आपल्या सिनेगॉगच्या हज्जानांना विचारावे. मागील श्मिटा 2021-22 मध्ये झाली. पुढची 2028 च्या रोश हशानापासून सुरू होईल. त्या वर्षी या याद्यांचे स्वरूपच बदलते, तेव्हा वेळ आली की त्यावर निराळे लिहू.

राहिला हंगामाचा रकाना. यादीतील भला-बुरा शेतकरी ओळखण्याची खूण आम्हांला येथेच सापडली. अरावाच्या मिरचीची लागवड उन्हाळा ओसरताना होते, तोडणी साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालते आणि मेमध्ये उष्मा इतका वाढतो की मळे रिकामे होतात. म्हणून आमच्या शेतकऱ्याची यादी आता दर आठवड्याला आखूड होत चालली आहे. लवकरच तीत काहीच उरणार नाही. हे चांगले लक्षण आहे. जो शेतकरी बारा महिने चाळीस जिन्नस दाखवितो त्याच्या स्वतःच्या मळ्यातले त्यांतील थोडेच असतात, बाकी तो इतरांकडून आणतो. त्यात गैर काही नाही, पण तो मग व्यापारी झाला. त्याला विचारावे, हे कोणाच्या शेतातले? नाव सांगता आले तर घ्यावे.

हंगाम ओळखण्याचे आपल्या घरी एक चांगले पंचांग आहे आणि ते म्हणजे मलिद्याचे ताट. तू बिश्वाटला एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करताना यंदा आम्ही ताटातले एकेक फळ यादीशी ताडून पाहिले. संत्रे ऐन हंगामातले, झाडावरून काढून दोन दिवसांचे. केळी येथे जवळजवळ वर्षभर मिळतात. सफरचंद मात्र गोलान व गालीलच्या बागांतून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढलेले आणि शीतगृहात ठेवलेले. शेबाट महिन्यात ‘ताजे सफरचंद’ असे कोणी लिहिले तर ते खरे नव्हे, पण ‘शीतगृहातील’ असे लिहिणारा प्रामाणिक. खजूर शरद ऋतूतला, टिकाऊ असल्यामुळे चालतो. डाळिंब संपलेले. सीताफळ, ज्याला येथे ‘अनोना’ म्हणतात आणि जे आपल्या कोकणातल्या सीताफळापेक्षा मोठे व कमी बियांचे असते, तेही मुख्यतः शरदात मिळते. पोहे आणि नारळ अर्थातच कोणत्याही मळेवाल्याच्या यादीत नाहीत, ते आपल्या भारतीय दुकानातूनच. रोश हशानाच्या ताटाचे उलट आहे. खजूर, डाळिंब आणि ताज्या चवळीच्या शेंगा तेव्हा भर हंगामात असतात आणि सणाच्या दोन आठवडे आधी मागणी नोंदविली नाही तर शेंगा मिळत नाहीत.

अरावाची गाडी थांबली की उन्हाळ्यात काय, हा आमच्यापुढचा प्रश्न. भेंडी, चवळी, मका, कलिंगड हा माल जूनपासून उत्तरेकडचे शेतकरी देतात आणि त्यांची गाडी दिमोनावरून जात नाही. यिज्रएल खोऱ्यातील एका दाखलेवाल्या शेतकऱ्याशी आमचे बोलणे झाले आहे. त्याची गाडी गुरुवारी दुपारी बीर शेवाला येते, किमान मागणी घरटी 150 शेकेल, पण एका नावावर एकत्र दिलेली चालते. बीर शेवाहून दिमोनाला माल आणण्यास आमच्यातील एका बंधूंची व्हॅन आहे. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचे. भेंडीचा भाव त्याने अजून लावलेला नाही, कारण तोडणी हाताने एक दिवसाआड करावी लागते आणि मजूर किती मिळतील ते त्यालाच माहीत नाही. कोवळी भेंडी पाहिजे असेल तर मागणीत ‘बारीक’ असे लिहावे, नाहीतर बोटाएवढी जून भेंडी पेटीत येते, हे त्यानेच सांगितले.

या उन्हाळी वहीत सध्या सहा घरे आहेत. व्हॅनचा खर्च परवडण्यास आणखी दोन हवीत. दिमोना व येरुहाम येथील ज्यांना यावयाचे असेल त्यांनी शाबुओथच्या आधी सिनेगॉगमध्ये वही ठेवलेली आहे तीत नाव, घरातील माणसे व नको असलेल्या भाज्या लिहाव्यात. नवलकोल कोणाला हवा असल्यास तोही लिहावा.